बल्क कूलरचा सीओपी आणि जनरेटरची कार्यक्षमता: एकाच दुधावर दोन्ही कसे मोजायचे

दूध संकलन केंद्रावर दोन यंत्रं शेजारी उभी असतात. एक दूध थंड करणारा बल्क कूलर, दुसरा वीज गेली की सुरू करायचा डिझेल जनरेटर. जनरेटरची कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. कूलरचा हिशेब काढला की मात्र सव्वादोन, अडीच, तीन असे आकडे येतात. टक्क्यांत सांगायचे तर सव्वादोनशे टक्के! मग केंद्रावरचा माणूस हमखास विचारतो, "भाऊ, एक युनिट देऊन सव्वादोन युनिटची थंडाई कशी काय निघते? कुठीतरी घोळ हाय."

घोळ नाही. पण हे नीट समजायचे तर दोन्ही यंत्रं एकाच दुधावर मोजून पाहावी लागतात. आयटीआयला नुकतेच लागलेले विद्यार्थी, केंद्रावर नव्याने आलेले कामगार आणि बी.एस्सी.ला उष्मागतिकी पाठ करून विसरलेले लोक, या सगळ्यांसाठी ही पद्धत लिहीत आहे. लागणाऱ्या वस्तू मोजक्या आहेत: कूलरच्या लाइनवर बसवलेला सब-मीटर, एक चांगला थर्मामीटर, दुधाच्या नोंदीची वही आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

पायरी १: काय हवे आणि काय खर्च केले, हे आधी लिहा

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे "मिळाले", उजवीकडे "दिले".

जनरेटरसाठी "मिळाले" म्हणजे वीज आणि "दिले" म्हणजे डिझेल जळून निघालेली उष्णता. ती सगळी उष्णता विजेत बदलत नाही. बरीचशी सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. त्यामुळे मिळाले भागिले दिले हा आकडा नेहमी एकाच्या खालीच राहतो. यालाच कार्यक्षमता म्हणतात.

कूलरसाठी "मिळाले" म्हणजे दुधातून काढलेली उष्णता आणि "दिले" म्हणजे मीटरवर चढलेली वीज. इथे वीज उष्णतेत बदलून दुधात घालायची नसते, दुधातली उष्णता उचलून बाहेर टाकायची असते. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, असलेले पाणी फक्त वर चढवते, तसेच हे काम. एका युनिटमध्ये किती पाणी चढेल हे विहिरीच्या खोलीवर ठरते. एका युनिटमध्ये किती उष्णता उचलता येईल हे थंड बाजू आणि गरम बाजू यांच्यातल्या तापमानाच्या फरकावर ठरते. म्हणून हा आकडा एकाच्या वर जाऊ शकतो. त्याला कार्यक्षमता न म्हणता कार्यमान गुणांक म्हणतात, बोलताना सीओपी. तो टक्क्यांत लिहू नका. निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पायरी २: मोजणी

टाकी रिकामी आणि धुतलेली असताना सुरुवात करा. आधीचे थंड दूध टाकीत असेल तर सगळा हिशेब चुकतो. आपल्याकडे संध्याकाळचे दूध सकाळच्या दुधात मिसळले जाते, म्हणून मोजणीसाठी दिवसाचे पहिले संकलन घ्या. दूध ओतून झाले की ढवळणारा पंखा थोडा वेळ चालवा आणि मग तापमान घ्या. न ढवळता घेतलेले तापमान वरच्या थराचे असते, सगळ्या दुधाचे नसते. मीटरचे रीडिंग लिहून कंप्रेसर सुरू करा. दूध ४ अंशांवर आले आणि कंप्रेसर बंद झाला की पुन्हा रीडिंग घ्या.

उदाहरण म्हणून मे महिन्यातली एक सकाळ धरू. दूध ५०० लिटर, सुरुवातीचे तापमान ३४ अंश, शेवटचे ४ अंश. मीटरवर ७.५ युनिट चढले.

पायरी ३: सगळे युनिटमध्ये आणा

एक लिटर दूध एका अंशाने थंड करायला सुमारे ४.०५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. (पाण्यासाठी हा आकडा ४.१८ आहे. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, पण त्याची विशिष्ट उष्णता थोडी कमी, म्हणून एवढाच फरक पडतो.) तेव्हा:

५०० × ३० × ४.०५ = ६०,७५० किलोज्यूल

विजेचे एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. भागाकार केला की १६.९ युनिट उष्णता येते. आता दोन्ही रकाने एकाच मापात आले:

सीओपी = १६.९ ÷ ७.५ = २.२५

हा संपूर्ण यंत्राचा आकडा आहे, नुसत्या कंप्रेसरचा नाही. कंडेन्सरचा पंखा आणि दूध ढवळणारी मोटर यांनीही त्याच मीटरमधून वीज घेतली. शिवाय ढवळण्याने दुधात थोडी उष्णता भरली जाते आणि टाकीच्या भिंतीतूनही थोडी आत शिरते. ती काढण्याचे काम कूलरने केले, पण आपल्या हिशेबात ते दिसत नाही. कंपनीच्या पत्रकात कंप्रेसरचा सीओपी यापेक्षा जास्त छापलेला असतो तो याच कारणाने. पत्रक खोटे असतेच असे नाही, ते वेगळी गोष्ट मोजते.

पायरी ४: एक मिळवा, आणि तोच कूलर हीट पंप झाला

दुधातून काढलेली १६.९ युनिट उष्णता गेली कुठे? मागच्या कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेत. आणि ती एकटी गेली नाही. मीटरवरची ७.५ युनिट वीजही शेवटी उष्णताच झाली. म्हणजे खोलीबाहेर एकूण २४.४ युनिट उष्णता टाकली गेली. (फ्रिजचे दार उघडे ठेवले तर खोली गार होण्याऐवजी तापते, त्याचा हिशेब हाच.)

आता "मिळाले" या रकान्यात थंडाईऐवजी ही बाहेर पडणारी उष्णता लिहा. यंत्र तेच, वीज तीच, बदलली फक्त आपली गरज:

२४.४ ÷ ७.५ = ३.२५

हा हीट पंप म्हणून सीओपी. फ्रिज म्हणून जो आकडा येतो त्यात नेहमी एक मिळवला की हीट पंपचा येतो, कारण दिलेली वीजही गरम बाजूला जाऊन जमा होते. साधा रॉड किंवा गीझर एका युनिटची एक युनिट उष्णता देतो. वाईटातला वाईट हीट पंपसुद्धा, तत्त्वतः, त्याच्या खाली जात नाही.

केंद्रावर याचा उपयोग आहे. कॅन आणि टाकी धुवायला गरम पाणी रोज लागते. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिट लागतात, म्हणजे जवळजवळ दूध थंड करण्याएवढीच वीज. कंप्रेसरमधून निघणारा गॅस कंडेन्सरकडे जाण्याआधी बराच गरम असतो. तिथे पाण्याचा उष्मा-विनिमयक बसवला तर बाहेर टाकल्या जाणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने पाचवा-सहावा हिस्सा पाण्यात घेता येतो. आपल्या उदाहरणात ती चार ते पाच युनिट उष्णता झाली, म्हणजे २०० लिटर पाण्याचे तापमान साधारण १७ ते २१ अंशांनी वाढेल. उरलेले काम गीझरने करा.

मग सगळीच २४.४ युनिट का घेऊ नयेत? कारण उरलेली उष्णता गॅसचे द्रव होताना कंडेन्सरच्या तापमानाला बाहेर पडते. तिच्यापासून अधिक गरम पाणी हवे असेल तर कंडेन्सर आणखी तापवावा लागतो. तसे केले की दूध थंड करायचा सीओपी खाली येतो.

पायरी ५: मर्यादा किती, ते केल्विनमध्ये काढा

फ्रान्सच्या सादी कार्नो या तरुण अभियंत्याने १८२४ मध्ये वाफेच्या इंजिनांवर एक छोटे पुस्तक लिहिले. इंजिनाची सर्वोच्च कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर अवलंबून असते, त्यात कोणता वायू किंवा द्रव वापरला यावर नाही, हे त्यातून पुढे आले. तेच चक्र उलटे फिरवले की आदर्श फ्रिज होतो. नियम असे:

इंजिनाची कार्यक्षमता = (गरम − थंड) ÷ गरम

फ्रिजचा सीओपी = थंड ÷ (गरम − थंड)

हीट पंपचा सीओपी = गरम ÷ (गरम − थंड)

तापमान केल्विनमध्येच घ्यायचे, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून. नवखे लोक इथेच अडकतात. थंड बाजू ० अंश सेल्सिअस असेल आणि २७३ मिळवायचे राहिले, तर फ्रिजचा सीओपी शून्य येतो, आणि समोर दूध तर गार होत असते!

दुसरी अडचण: कोणते तापमान घ्यायचे? दुधाचे ४ आणि हवेचे ४३ घेऊ नका. गॅसला दूध किंवा हवा थेट भेटत नाही, मध्ये पत्रा आणि नळ्या असतात. दुधातून उष्णता यायला गॅस दुधापेक्षा थंड हवा, आणि हवेत जायला गॅस हवेपेक्षा गरम हवा. थंड बाजूला गॅसचे तापमान सरासरी ० अंश (२७३ केल्विन) धरू, गरम बाजूला हवेपेक्षा १२ अंश वर, म्हणजे ५५ अंश (३२८ केल्विन).

फ्रिज म्हणून मर्यादा = २७३ ÷ ५५ = ४.९६

आपला आकडा २.२५, म्हणजे मर्यादेच्या ४५ टक्के. या जातीच्या यंत्रासाठी ते ठीकच आहे. मर्यादेच्या जवळ किंवा वर आकडा आला तर यंत्र उत्तम आहे असे समजू नका, तुमची मोजणी चुकली आहे. बहुतेक वेळा टाकीतले आधीचे थंड दूधही गरम दुधात धरले गेले किंवा कंप्रेसर सुरू झाल्यावर रीडिंग घेतले गेले.

आता हेच इंजिनासाठी. जनरेटरच्या इंजिनात तापमान क्षणाक्षणाला बदलते, म्हणून तिथे हे सूत्र बसवणे अवघड. त्याऐवजी आपल्या चंद्रपूर-कोराडीकडच्या कोळशाच्या वीज केंद्रांसारखे उदाहरण घेऊ. वाफ ५४० अंश (८१३ केल्विन) आणि वापरलेली वाफ ४५ अंशांवर (३१८ केल्विन) थंड होते असे धरले तर मर्यादा ६१ टक्के येते. पारंपरिक बनावटीच्या अशा संचांची प्रत्यक्ष कार्यक्षमता पस्तीस टक्क्यांच्या आसपास असते. सगळी उष्णता ५४० अंशांवर दिली जात नाही, बॉयलरच्या धुराड्यातून काही जाते, पंखे आणि पंप स्वतःच वीज खातात.

सूत्रांकडे नीट पाहिले की खरी गंमत कळते. इंजिनात तापमानाचा फरक वर आहे, फ्रिजमध्ये खाली. इंजिनाला फरक मोठा हवा, फ्रिजला लहान. विदर्भातल्या मे महिन्यात हवा आणखी ५ अंशांनी तापली तर काय होते ते पाहा. वीज केंद्राच्या थंड बाजूचे ४५ चे ५० झाले तर मर्यादा ६१ वरून ६० टक्के. कूलरच्या कंडेन्सरचे ५५ चे ६० झाले तर मर्यादा ४.९६ वरून ४.५५, म्हणजे आठ टक्क्यांची घट. तोच उन्हाळा वीज केंद्राला थोडा चावतो आणि आपल्या कूलरला जोरात, कारण कूलरचा एकूण फरकच ५५ अंशांचा आहे, त्यातले ५ म्हणजे बरेच झाले.

पाणी तापवणाऱ्या स्वतंत्र हीट पंपचे याच्या अगदी उलट असते. तो उष्णता बाहेरच्या हवेतून घेतो. त्याची थंड बाजूच ४२ अंशांच्या हवेत असेल तर ६० अंशांच्या पाण्यापर्यंत फार चढायचे उरत नाही. मेमध्ये तो खुशीत असतो आणि जानेवारीच्या पहाटे कष्टी. फक्त यंत्राला किती तापलेली हवा चालते ते पत्रकात पाहून घ्या. आपल्याकडचे ४६ अंश सगळ्यांना सोसत नाहीत.

(घरातला पाण्याचा कूलर मात्र या हिशेबात आणू नका. तो उष्णता उचलून बाहेर टाकत नाही, पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो. त्याला ही सूत्रं लागू नाहीत.)

पायरी ६: उलटा आकडा घेताना सावध

वरच्या सूत्रांत हीट पंपचा सीओपी हा इंजिनाच्या कार्यक्षमतेच्या बरोबर उलट दिसतो. पुस्तकात हे वाचलेला विद्यार्थी लगेच म्हणतो: आपला ३.२५ आला, एकाला त्याने भागले की ३१ टक्के, म्हणजे हा कूलर उलटा चालवला तर ३१ टक्क्यांचे इंजिन मिळेल. शिवाय जनरेटरचाही आकडा तिसाच्या आसपास आहे, म्हणजे जुळलेच!

हे जुळणे निव्वळ योगायोग आहे. ० आणि ५५ अंशांच्या मधल्या इंजिनाची मर्यादाच ५५ ÷ ३२८, म्हणजे १७ टक्के आहे. ३१ टक्के कुठून येणार? उलट आकड्याचा नियम फक्त आदर्श, प्रतिवर्ती यंत्राला लागू पडतो, आणि तोही त्याच दोन तापमानांमध्ये. प्रत्यक्ष यंत्रात घर्षण असते, नळ्यांच्या पत्र्यातून उष्णता जायला तापमानाचा फरक खर्ची पडतो. हे नुकसान इंजिनात मिळणारी वीज कमी करते आणि फ्रिजमध्ये लागणारी वीज वाढवते. यंत्र उलटे फिरवले म्हणून ते नुकसान फायद्यात बदलत नाही.

पायरी ७: वीज गेली, आता साखळी जोडा

लोडशेडिंगमध्ये जनरेटरवर कूलर चालतो तेव्हा इंजिन आणि फ्रिज एकामागे एक जोडले जातात. अशा वेळी दोन आकड्यांची तुलना करायची नसते, गुणाकार करायचा असतो.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते. बऱ्यापैकी लोड असलेला लहान जनरेटर त्यातून ३ युनिट वीज देतो. आपल्याला ७.५ युनिट हवेत, म्हणजे अडीच लिटर डिझेल, म्हणजे २५ युनिट उष्णता.

०.३० × २.२५ = ०.६८

डिझेलच्या एका युनिट उष्णतेमागे दुधातून ०.६८ युनिट निघाली. सव्वादोनचा चमत्कार इथे संपला. ग्रिडवरची वीज वापरतानाही अशीच साखळी असते, तिचा पहिला दुवा दूर वीज केंद्रात असल्याने दिसत नाही एवढेच. विजेच्या बिलापुरते पाहायचे असेल तर २.२५ बघा. इंधन किती जळले ते पाहायचे असेल तर गुणाकार बघा.

पाणी तापवायचे असेल तर हीच साखळी ०.३० × ३.२५, जवळपास ०.९८ देते. म्हणजे डिझेल जाळून वीज करून हीट पंप चालवणे आणि तेच डिझेल थेट चांगल्या बर्नरखाली जाळणे यांत फारसा फरक उरत नाही. डिझेलच्या विजेवर रॉड लावणे मात्र शुद्ध उधळपट्टी आहे, तिथे आकडा ०.३० वर अडकतो.

प्रत्यक्षात जनरेटरचा आकडा तीस टक्के नसतोही. कंप्रेसर सुरू होताना करंट जास्त ओढतो, म्हणून केंद्रावर गरजेपेक्षा मोठा जनरेटर घेतात. मग तो अडीच किलोवॅटच्या लोडवर रिकामा घरघरत राहतो आणि लिटरला जेमतेम दोन युनिट देतो. कार्यक्षमता २० टक्के, साखळी ०.४५. टाकी काठोकाठ भरून, जनरेटर चालवून आणि किती डिझेल लागल्यावर टाकी पुन्हा काठोकाठ आली ते मापून हा आकडा स्वतः काढा. टाकीवरच्या काट्यावर विसंबू नका.

पायरी ८: आकडा घसरला तर कुठे पाहायचे

हीच मोजणी जानेवारीत केली तर त्याच ५०० लिटरला, तेवढ्याच अंशांच्या फरकाला, साधारण ५ युनिट पुरतात असे धरू. सीओपी ३.४. म्हणून मेचा आकडा जानेवारीशी ताडू नका, मागच्या मेशी ताडा. सारख्याच हवेत आकडा पडला असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्या. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासच्या गावांत हवेतली रुई आणि धूळ कंडेन्सरच्या पात्यांत बसते आणि पातळ गोधडीसारखी चिकटते. कंडेन्सरमधून द्रव घेऊन निघणाऱ्या नळीचे आणि पंख्यासमोरच्या हवेचे तापमान घ्या. ही नळी हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांहून जास्त गरम लागत असेल तर ब्रश आणि पाण्याने पाती धुवा, वीज बंद करून. हवा जिकडून आत जाते त्याच्या उलट दिशेने पाणी मारा, नाहीतर रुई आणखी खोल जाते.

धुऊनही फरक पडला नाही तर खोली पाहा. कंडेन्सर भिंतीला चिकटून असेल किंवा पत्र्याच्या बंद खोलीत असेल तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. पंख्यासमोरचे आणि बाहेरच्या सावलीतले तापमान सारखे नसेल तर हेच चालू आहे. खिडकीपेक्षा समोरासमोर दोन मोकळ्या जागा बऱ्या.

कंडेन्सर फार गरम नाही, पण दूध थंड व्हायला तीनऐवजी साडेचार तास लागतात आणि युनिटही जास्त चढतात, असे असेल तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्या. या वेळी नुसता गॅस भरून घेऊ नका. गळती शोधून बंद करायला सांगा, नाहीतर पुढच्या हंगामात तोच आकडा पुन्हा दिसेल. आणि मेकॅनिक येण्याआधी एकदा मीटरजवळचा व्होल्टेज पाहून ठेवा. कमी व्होल्टेजवर कंप्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि मध्येच बंद पडतो, आणि त्याचा दोष पुष्कळदा गॅसवर जातो.